विद्युत् घटाचे प्रमाण वर्चस्
तांबे व चांदी यांच्या घटासाठी प्रमाण क्षपण वर्चसांच्या कोष्टकात पुढील मूल्ये आढळतात : Ag⁺ + e⁻ → Ag, +०.८० व्होल्ट, Cu²⁺ + 2e⁻ → Cu, +०.३४ व्होल्ट. चांदीचे मूल्य अधिक असल्याने तिच्या आयनांचे क्षपण होते व तांब्याचे ऑक्सिडीभवन होते. ऑक्सिडीभवनाचे अग्र डावीकडे लिहून हा घट Cu | Cu²⁺ || Ag⁺ | Ag असा दर्शवितात. इलेक्ट्रॉनांची संख्या जुळविण्यासाठी चांदीची अर्धविक्रिया दुप्पट घ्यावी लागते. तिच्याबरोबर ०.८० हे मूल्यही दुप्पट करणे ही नेहमीची चूक होय. तसे केल्यास १.२६ व्होल्ट असे चुकीचे उत्तर येते. वर्चस् हे एकक विद्युत् भारामागील ऊर्जा दर्शविते. विक्रिया दुप्पट केली असता ऊर्जा व भार दोन्ही दुप्पट होतात, त्यामुळे वर्चस् बदलत नाही. म्हणून घटाचे प्रमाण वर्चस् ०.८० − ०.३४ = ०.४६ व्होल्ट येते.