पाहुण्या ताईची ओळख करून देताना



ग्रामसंघाच्या बैठकीत कधी आपल्यातलीच एखादी ताई स्वतःच्या दुःखाबद्दल, आजारपणाबद्दल बोलायला तयार होते. तिची ओळख करून देणं हे एका मिनिटाचं काम. पण ती मोकळेपणाने बोलेल की मिटून जाईल, हे बऱ्याचदा तिथेच ठरतं.

माझीच चूक सांगते. एकदा मी ओळख करून देताना म्हटलं, "यांचे पती समुद्रात वारले. विधवा असूनही त्या खंबीर आहेत." ताई दोन वाक्यं बोलल्या नि खाली बसल्या. नंतर कळलं, होडी सापडली होती, माणूस सापडला नव्हता. त्यांच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, ते मी पाहिलंच नाही. सात वर्षं काहीच खबर नसेल, तर कायदा माणूस गेला असं धरतो. मी मात्र सगळ्यांसमोर एका वाक्यात निकाल लावला.

आता मी आदल्या दिवशी घरी जाऊन तीन गोष्टी विचारते. तुमची ओळख काय म्हणून करून देऊ? घडलेल्यातलं काय सांगू, काय नको? मध्येच थांबावंसं वाटलं, तर मला खूण कोणती कराल? त्याच ताईंकडे पुन्हा गेले, तेव्हा त्या म्हणाल्या, "माका रडगाणा नाय गावचा, कागदांबद्दल बोलूचा आसा." मग मी ओळख अशी करून दिली:

"या आपल्या गटातल्या ताई. सुकी मासळी विकतात. घरचं माणूस समुद्रातून परत आलं नाही, तर कुठले कागद करावे लागतात, ते त्या अनुभवातून सांगतील. विषय जड आहे. कुणाला बाहेर जावंसं वाटलं तर खुशाल जा. मोबाईलवर रेकॉर्डिंग करू नका. 'कसं झालं?' असं विचारू नका. त्या सांगतील तेवढंच ऐकू."

यात 'बिचारी' नाही, 'नशीब' नाही आणि घटनेचं वर्णनही नाही. तेवढं सांगायचं की नाही, तो हक्क त्यांचा. त्या दिवशी त्या अर्धा तास बोलल्या.

बोलताना रडू आलं तर "रडू नको" म्हणू नका. पाण्याचा ग्लास जवळ ठेवा नि गप्प राहा. त्यांनी खूण केली, तर आभार मानून बैठक पुढे न्या.

शेवटी हळदीकुंकवाचं ताट फिरतं, तिथे जपा. पाहुणीला वगळलं, तर आधीची सगळी ओळख फुकट गेली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नंतर शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. आपण ताट सगळ्यांसमोर सारखंच धरायचं. कुंकू घ्यायचं की नाही, ते ज्या त्या ताईने ठरवायचं.