बंद पडलेला नंबर आणि न येणारा ओटीपी

साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षकांचे सिम वायफायवर चालणाऱ्या जुन्या फोनमध्ये पडून होते. बँकेचा ओटीपी येईना, तेव्हा नंबरच बंद झाल्याचे कळले. ट्रायच्या नियमानुसार प्रीपेड नंबर 90 दिवस न वापरल्यास आणि शिल्लक 20 रुपयांहून कमी असल्यास कंपनी तो बंद करू शकते. पुढच्या 15 दिवसांत तोच नंबर परत मागता येतो.

त्यांनी अर्जात बंद नंबर, शेवटच्या रिचार्जची तारीख आणि सिमच्या पाठीवरचा क्रमांक लिहिला, ओळखपत्राची प्रत जोडली. ‘नवा नको, हाच नंबर सुरू करावा,’ असे स्पष्ट मागितले. पोचही घेतली. बँकेची तक्रार मात्र चार ओळींत आटोपली, ते योग्यच!

सिम बदलून मिळाले, तर पहिले 24 तास एसएमएस बंद असतात. ओटीपी त्यानंतरच येतो.