मागे लागणे आणि मागे सरणे

बंगळूरच्या दक्षिणेकडील बनशंकरी भागात राहणाऱ्या एका मराठी दांपत्याची कल्पना करू. पती नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झालेला, तर पत्नी विवाहानंतर सांगलीहून आलेली. तिला कन्नड येत नाही. दिवसभरात तिच्याशी मराठीत बोलणारे माणूस एकच, आणि ते रात्री साडेआठला मेट्रोने घरी परतते. दार उघडताच ती विचारते, ‘‘आज एवढा उशीर?’’ ‘‘काम होतं,’’ एवढेच तो म्हणतो. ती पुन्हा विचारते. तो फोनकडे पाहू लागतो. तिसऱ्या खेपेस प्रश्नाचा आरोप झालेला असतो : ‘‘तुम्हांला माझ्याशी बोलायचंच नसतं.’’ तो उठून गच्चीवर जातो आणि ती जिन्यापर्यंत त्याच्यामागे जाते.

जवळीक शोधणारा एक आणि अंतर राखणारा दुसरा, अशा या जोडीचे वर्णन टॉमस फोगार्टी या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने 1970 नंतरच्या दशकात केले. मात्र त्यातील मर्म पॉल वॉट्झलाविक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1967 मधील आपल्या ग्रंथात आधीच दाखविले होते. पत्नी म्हणते, ‘ते बोलत नाहीत म्हणून मी टोचते’. पती म्हणतो, ‘ती टोचते म्हणून मी बोलत नाही’. दोघांचेही म्हणणे खरे असते. फरक एवढाच, की गोलाकार फिरणाऱ्या या घटनाक्रमात प्रत्येक जण आरंभबिंदू दुसऱ्याच्या वागण्यात धरतो. त्यामुळे ‘सुरुवात कोणी केली?’ या प्रश्नावर कितीही वाद घातला, तरी उत्तर सापडत नाही.

गच्चीवर गेलेल्या माणसाला काही वाटत नाही, हा समज बहुधा चुकीचा असतो. वादाच्या वेळी दांपत्यांच्या शरीरातील बदल मोजणाऱ्या जॉन गॉटमन यांना असे आढळले, की गप्प बसलेल्या जोडीदाराची नाडी पुष्कळदा जलद चालत असते. ती मिनिटाला शंभरच्या पुढे गेली, की ऐकण्याची आणि विचार करण्याची क्षमता कमी होते, आणि शरीर निवण्यास निदान वीस मिनिटे लागतात. बाहेरून दगडासारखा दिसणारा हा मनुष्य आतून गडबडलेला असतो; पण पत्नीला दिसतो तो दगडच.

या गाठीवर सर्वांना सुचणारा उपाय म्हणजे पत्नीने मागे लागणे सोडावे. तिने आठवडाभर अबोला धरला, तर पतीला सुटल्यासारखे वाटते. तो जवळ येत नाही. मग साठलेले सारे एका रात्री बाहेर पडते आणि आपण दूर राहिलो तेच बरे, अशी त्याची खात्री होते. स्यू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी 1980 नंतरच्या दशकात विकसित केलेल्या भावनाकेंद्री उपचारपद्धतीत म्हणून क्रम निराळा असतो. प्रथम दोघांनी या चक्राला आपला समान शत्रू मानायचे. नंतर मागे सरणाऱ्याने पुढे यायचे. आणि त्यानंतरच मागे लागणाऱ्याने मऊ व्हायचे. समोर कोणी नसताना मऊ होणे तिला धोक्याचे वाटते, आणि त्यात तिची चूक नाही.

आपल्या दांपत्यात हे असे घडू शकेल. पती गच्चीवर जातो खरा. पण जाताना म्हणतो, ‘‘मला अर्धा तास दे. सव्वानऊला खाली येतो.’’ महत्त्व त्या सव्वानऊला आहे. तो न बोलावता खाली आला, तर ते जाणे पळून जाणे ठरत नाही. तिला हाक मारावी लागली, तर सारे व्यर्थ. खाली आल्यावर तो म्हणतो, ‘‘कचेरीत आज बोलणी खाल्ली. तू विचारलंस, की वाटतं, इथेही मी नापासच.’’ हे ऐकल्यावर तिला आरोपामागचे वाक्य उच्चारता येते : ‘‘दिवसभर मी कुणाशीच बोललेली नसते. तुम्ही गप्प राहिलात, की या गावात माझं कुणीच नाही असं वाटतं.’’ तक्रारीऐवजी आता एकटेपण बोलू लागले आहे, आणि एकटेपणाला उत्तर देणे त्याला जमते.

सुधारणेची खूण भांडणांच्या संख्येत शोधू नये. ती प्रारंभी फारशी घटत नाही. भांडणानंतर पूर्ववत होण्यास दोन दिवसांऐवजी दोन तास लागू लागले, किंवा न विचारता तो दिवसाची हकीकत सांगू लागला, तर चक्र सैल होत आहे असे समजावे.

पाठलाग स्त्रियांचा आणि पलायन पुरुषांचे, असा नियमही बांधता येत नाही. अँड्र्यू ख्रिस्तेन्सेन आणि क्रिस्तोफर हेवी यांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बदलाची मागणी पत्नीची होती तेव्हा हा साचा ठळक दिसला. मागणी पतीची होती तेव्हा तो तसा उरला नाही. आहे ते ज्याच्या सोयीचे, त्याला चर्चा नको असते. बनशंकरीतील त्या घरातही नव्या गावी येऊन भाषा, माणसे आणि माहेर गमावले ते पत्नीने. कन्नड शिकण्याचा वर्ग किंवा शेजारची एखादी मैत्रीण तिला लाभली, तर साडेआठच्या त्या एका भेटीवरील भार आपोआप हलका होईल.

मात्र जेथे एकाला दुसऱ्याच्या हाताची भीती वाटते, तेथील मागे सरणे हा स्वतःचा बचाव असतो. अशा घरात ‘चक्र दोघांचे’ असे म्हणणे अन्यायाचे होईल. तेथे आधी सुरक्षिततेची तजवीज करावी लागते. इतर दांपत्यांना, गाठ घरच्या घरी सुटत नसल्यास, बंगळूरच्याच निमहान्स या संस्थेतील कुटुंब-मानसोपचार केंद्रासारख्या ठिकाणी जाता येते. तेथे एकटे न जाता दोघांनी मिळून जावे, कारण एकट्याच्या तोंडून समुपदेशकाला वर्तुळाचा अर्धाच भाग ऐकू येतो.