‘८.४ टक्के’ मराठीत कसे लिहावे?

आयसीएमआर-इंडिअॅब या पाहणीच्या पहिल्या टप्प्याचा शोधनिबंध २०११ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या सारांशात महाराष्ट्राच्या नावापुढे दोन आकडे आहेत. मधुमेह ८.४ टक्के आणि मधुमेहपूर्व स्थिती १२.८ टक्के.

आरोग्य मासिकासाठी हे लिहिताना बहुतेकांच्या हातून एक वाक्य उतरते: ‘राज्यात ८.४ टक्के लोकांना मधुमेह होतो.’ इथेच घात होतो. ‘होतो’ म्हटले की दरवर्षी नव्याने होणारे रुग्ण डोळ्यांपुढे येतात. पाहणीने मोजले ते त्या वेळी ज्यांना मधुमेह होता ते, आणि तेही फक्त विशीच्या पुढचे. म्हणून मी लिहीन: ‘विशीच्या पुढच्या दर शंभर माणसांमागे साधारण आठ जणांना मधुमेह होता.’ ज्यांना आपला आजार ठाऊकच नव्हता, असेही त्यांत आले, कारण बोटाचे रक्त घेऊन साखर तपासली होती.

दुसरा आकडा तर ‘आणखी तेरा जणांना मधुमेह होणार’ असा मुळीच वाचू नये. त्यांची साखर नेहमीपेक्षा जास्त, पण मधुमेहाच्या रेषेखाली आहे. योग्य आहार आणि चालणे यांनी त्यांतल्या अनेकांची साखर पुन्हा खाली येते.

आता रामटेकचा वाचक विचारेल, आमच्या गावात किती? राज्याची सरासरी गावाला लावता येत नाही. त्याच पाहणीत महाराष्ट्राच्या शहरी भागात १०.९, तर ग्रामीण भागात ६.५ टक्के निघाले. बाजारपेठेतला दुकानदार आणि शेजारच्या खेड्यातला धान लावणारा मजूर एकाच आकड्यात बसत नाहीत.