पौडमधल्या पत्र्याचं तापमान उणे १५० अंश? गणित नेमकं कुठे चुकतं?

मे महिन्यातली दुपार. मुळशी तालुक्यातल्या पौडमध्ये एका शेडचा पत्रा उन्हात तापून ५० अंशांवर गेलाय. हवेचं तापमान ३० अंश आहे. तेवढ्यात ढग येतो आणि ऊन जातं. आता पत्रा किती वेळात थंड होईल?

अर्ध्या मिलिमीटरचा लोखंडी पत्रा फार उष्णता धरून ठेवत नाही. साधारण वाऱ्यात तो हवेशी जुळवून घ्यायला जेमतेम एक मिनिट घेतो. सोपा नियम असा धरूया: पत्रा हवेपेक्षा जितके अंश गरम, तितके अंश दर मिनिटाला तो निवतो. म्हणजे आत्ता वेग आहे मिनिटाला २० अंश. पत्रा निवत जाईल तसा हा वेगही कमी होत जाईल. बदलाचा वेग सांगणाऱ्या अशा नियमालाच डिफरन्शियल इक्वेशन म्हणतात.

पहिली पद्धत: आत्ताचा वेग, पुढची उडी

कॉम्प्युटर वेळेचे तुकडे करतो. समजा आपल्याला दिवसभराचं तापमान हवंय, म्हणून आपण १० मिनिटांची पायरी घेतली. हवा तासातासाने बदलते, तेव्हा ही पायरी पुरेशी वाटते.

सर्वात सोपी पद्धत आत्ताचा वेग घेते आणि तो पुढची १० मिनिटं तसाच राहील असं धरते. २० गुणिले १०, म्हणजे २०० अंशांची घट. पत्रा थेट उणे १५० अंशांवर!

आता पत्रा हवेपेक्षा १८० अंश थंड झाला, म्हणून पुढच्या पायरीत तो १,८०० अंश वर उडी मारतो आणि १,६५० वर पोहोचतो. त्यानंतर उणे १४,५५०. दर पायरीला हवेशी असलेला फरक नऊपट होतो आणि त्याची दिशाही उलटते. या पद्धतीला एक्सप्लिसिट किंवा फॉरवर्ड ऑयलर म्हणतात.

पायरी लहान केली तर? ३ मिनिटांच्या पायरीला फरक दुप्पट होत जातो. बरोबर २ मिनिटांना आकडे ५०, १०, ५०, १० असे झुलत राहतात. २ मिनिटांच्या खाली आलं तरच ते शांत होतात.

खरी अडचण पुढे आहे. पाच-सात मिनिटांत पत्रा थंड झालेला असतो, त्यात बघण्यासारखं काही उरत नाही. तरीही दिवसभर २ मिनिटांपेक्षा छोट्याच पायऱ्या घ्याव्या लागतात, कारण जराशी चूकही पुन्हा फुगू शकते. संपून गेलेली वेगवान घडामोड संथ घडामोडीला वेठीस धरते. अशा समीकरणांना ‘स्टिफ’ म्हणतात.

दुसरी पद्धत: पोहोचल्यावरचा वेग

इथे वेग आत्ताचा न घेता पायरीच्या शेवटचा घ्यायचा. पण शेवटचं तापमान तर माहीत नाही! मग त्याला x म्हणा आणि शाळेतल्यासारखं समीकरण मांडा:

```
x = 50 - 10*(x - 30)
11*x = 350
x = 31.8
```

पुढच्या पायरीला उत्तर येतं ३०.२ अंश. फरक दर वेळी अकरा पटीने कमी होतो. x खूप खाली गेला, तर तिथला वेग पत्र्याला वर ढकलणारा असेल आणि समीकरणाच्या दोन्ही बाजू जुळणारच नाहीत. त्यामुळे उत्तर भरकटत नाही. पायरी कितीही मोठी घ्या, इथे फरक वाढत नाही. ही झाली इम्प्लिसिट किंवा बॅकवर्ड ऑयलर पद्धत.

फुकट मिळतं का?

नाही. दर पायरीला समीकरण सोडवावं लागतं. शेकडो अज्ञात संख्या असतील तर हे काम जड होतं. शिवाय स्थिर उत्तर म्हणजे अचूक उत्तर नव्हे. १० मिनिटांनंतर पत्रा खरं तर ३० अंशांच्या अगदी जवळ असतो, पण आपल्याला मिळाले ३१.८. पहिल्या मिनिटात काय घडलं हे बघायचं असेल, तर पायरी लहानच हवी.

हे कुठे लागतं?

‘स्टिफ’ हा शब्द अमेरिकेतल्या कर्टिस आणि हिर्शफेल्डर यांनी १९५२ मध्ये मांडला. हवेतल्या रसायनांचं गणित हे त्याचं ठळक उदाहरण. हायड्रॉक्सिल रॅडिकल सेकंदभर टिकतो, तर मिथेन दशकभर. पुण्यात पाषाणला असलेल्या आयआयटीएम या संस्थेने दिल्लीच्या हवेच्या अंदाजासाठी WRF-Chem हे मॉडेल वापरलं. त्यातल्या रसायनांसाठी इम्प्लिसिट घराण्यातल्या पद्धती असतात.

तुमचं समीकरण स्टिफ आहे हे ओळखायचं कसं? आकडे वर-खाली उड्या मारत फुगतात आणि पायरी लहान केली की अचानक शहाण्यासारखे वागतात. किंवा आलेख सपाट असूनही प्रोग्राम मुंगीच्या पावलांनी चालतो. पायथनच्या `solve_ivp` मध्ये काही न सांगितल्यास `RK45` ही एक्सप्लिसिट पद्धत चालते. अशा वेळी एवढा बदल करून बघा:

```python
solve_ivp(f, (0, 1440), [50], method="BDF")
```