गाणं एकच, ओळी मात्र वेगवेगळ्या

लंडनमध्ये किंवा न्यू जर्सीत वाढलेली कितीतरी मराठी मुलं घरी मराठी बोलतात, पण देवनागरी वाचताना अडखळतात. गाणं ऐकताना समोर रोमन लिपीतल्या ओळी आल्या, की ती बिनधास्त सोबत गाऊ लागतात. मात्र एका गाण्याला देवनागरी, रोमन आणि इंग्रजी अर्थ असं सगळं मिळतं, दुसऱ्याला नुसतं रोमन आणि तिसऱ्याला काहीच नाही.

याचं पहिलं कारण म्हणजे ॲपच्या लेखी गाणं म्हणजे एक ठरावीक ध्वनिमुद्रण. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला ‘आयएसआरसी’ हा 12 अक्षर-अंकांचा संकेतांक असतो. मूळ रेकॉर्ड, मैफलीतलं गायन आणि रीमिक्स यांचे संकेतांक वेगळे, त्यामुळे एकाला जोडलेल्या ओळी दुसऱ्याला आपोआप मिळतील असं नाही. मैफलीत गायक एखादी ओळ चार वेळा घोळवतो, मध्येच आलाप घेतो. मग मूळ रेकॉर्डवरून बेतलेल्या ओळी गाण्याच्या पुढे पळू लागतात. ओळी उजळत सरकत नसून सगळ्या एकदम दिसत असतील, तर त्यांना वेळेच्या खुणा जोडलेल्या नाहीत असं समजावं.

दुसरा प्रश्न मूळ मजकूर कोणत्या लिपीत भरला हा. तो देवनागरीत असेल तर संगणक त्याचं रोमन करू शकतो. पण मुळातच रोमनमध्ये भरला असेल, तर देवनागरी परत मिळवणं अवघड. वेळ आणि वेल, माळ आणि माल साध्या रोमनमध्ये सारखेच दिसतात, कारण ‘ळ’ आणि ‘ल’ दोन्हींना एकच l. ‘चोर’ आणि ‘चंद्र’ यांतल्या ‘च’चा उच्चार वेगळा, पण दोन्हीकडे ch. ज्याने मराठी कानांनी ऐकलेली नाही, तो इथे हमखास चुकतो. म्हणूनच रोमन ओळी मराठी जाणणाऱ्याने एकदा तपासायलाच हव्यात.

अर्थाची गोष्ट आणखी निराळी. भारतीय कायद्यात भाषांतराचा हक्कही मूळ कवीकडेच असतो, आणि तो त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. पुणे आकाशवाणीवर 1955-56मध्ये गाजलेल्या ‘गीतरामायणा’तली 56 गीतं ग. दि. माडगूळकरांची. ते 1977मध्ये गेले, म्हणजे 2037 संपेपर्यंत त्यांच्या ओळी दाखवायला आणि त्यांचा अनुवाद छापायला हक्कधारकांची परवानगी लागते. एका ॲपने ती घेतली आणि दुसऱ्याने नाही, तर पडद्यावर फरक दिसणारच.

तुकारामांच्या अभंगांच्या शब्दांवर असा कुणाचाच हक्क नाही. त्यांचा नवा अनुवाद कुणीही करून जोडू शकतो. मात्र दिलीप चित्रे यांचा 1991चा इंग्रजी अनुवाद उचलून अभंगाखाली घालता येणार नाही. चित्रे 2009मध्ये गेले, त्यामुळे त्या अनुवादाचा हक्क 2069 अखेरपर्यंत जिवंत आहे.