काकूंच्या खिडकीतलं डिसेंबरचं ऊन

‘काकू, सप्रेम नमस्कार. आमच्या बांधकामामुळे तुमच्या स्वयंपाकघरातलं हिवाळ्यातलं ऊन जाऊ शकतं.’ पुण्यातल्या एका तरुण वास्तुविशारदाने उत्तरेकडच्या शेजारणीला लिहिलेल्या पत्राची ही सुरुवात. गोड बोलून वेळ मारून नेण्यापेक्षा हे बरं.

पुढे हिशोब आहे. डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात भर दुपारीही सूर्य दक्षिणेला, साधारण ४८ अंशांवर असतो. सात मीटर उंच घराची सावली तेव्हा सहा मीटरवरच्या काकूंच्या भिंतीवर जेमतेम फूटभर चढते. नवा मजला चढवून घर दहा मीटर झालं, की ती तीन मीटरच्या वर जाते आणि तळमजल्याची खिडकी अंधारते. जूनमध्ये मात्र दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असल्याने हा प्रश्नच उरत नाही.

उपाय? नवा मजला उत्तरेकडून तीन मीटर मागे घेतला, की दुपारची सावली जवळजवळ पूर्वीइतकीच राहते. पण मोकळ्या झालेल्या जागेवर गच्ची होते आणि तिथून थेट काकूंच्या घरात दिसतं! म्हणून त्या बाजूला डोळ्यांच्या पातळीपेक्षा उंच जाळीची भिंत. सावली वाढू नये म्हणून तीही कडेपासून आत.

आवाजाबद्दल पत्र प्रांजळ आहे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा असते. फरशी कापण्याचं यंत्र जवळून ती सहज ओलांडतं. त्यामुळे कापाकापी दुपारची झोप टाळून, घराच्या दूरच्या बाजूला होईल. स्लॅबचं काम मात्र मध्येच थांबवता येत नाही, सांध्यातून पुढे गळती होऊ शकते. त्याची तारीख आठवडाभर आधी कळवली जाईल.

घराशेजारी बांधकाम निघालं, तर डिसेंबरची सावली कुठवर येईल, हे नकाशावर काढून मागा.